नीडफुल म्हणजे नेमकं काय करायचं?

*ताई, नमस्कार. अंबड एमआयडीसीत शीट मेटलचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत डिस्पॅच आणि कस्टमर कोऑर्डिनेशन बघतो, नऊ वर्षं झाली. इंग्रजी मेल सिनियर लोकांचे बघून बघूनच शिकलो. दोन महिन्यांपूर्वी जर्मनीचा कस्टमर मिळाला, त्यांना मागच्या आठवड्यात हा मेल टाकला:*

```
Dear Sir,
With reference to trailing mail, PFA drawing Rev C.
We are having 400 nos. ready stock as per Rev B.
Kindly go through the same and do the needful
at the earliest. Kindly revert.
```

*तीन दिवसांनी उत्तर आलं की आम्ही नेमकं काय करायचंय, आणि तुम्हाला रेव्ह बी वर परत जायचंय का? मी असं काही म्हटलंच नव्हतं! साहेब माझ्यावर चिडले, पण मेल तर त्यांच्याच पद्धतीचा होता. आता या शब्दांच्या जागी काय लिहायचं? आणि सरळ 'गुरुवारपर्यंत कळवा' असं लिहिलं तर उद्धट नाही का वाटणार?*

नमस्कार. आधी त्या 'रिव्हर्ट'चं बघू, कारण तुमच्या कस्टमरने जे विचारलं ते त्यांच्या बाजूने अगदी बरोबर होतं. इंग्रजीत रिव्हर्ट म्हणजे मागे जाणं, आधी जसं होतं तसं परत होणं. लीज संपली की जमीन मूळ मालकाकडे रिव्हर्ट होते, नवीन कोडमध्ये गडबड निघाली की सॉफ्टवेअरवाले जुन्या व्हर्जनला रिव्हर्ट करतात. 'उत्तर द्या' हा अर्थ आपल्याकडे रुळला, सिंगापूर-मलेशियाच्या ऑफिसांतही चालतो, पण जर्मन माणूस शाळेत जे इंग्रजी शिकतो त्यात तो नसतो. आता त्यांच्या खुर्चीत बसून तुमचा मेल वाचा. रेव्ह सी चं ड्रॉइंग जोडलंय, लगेच पुढच्या ओळीत रेव्ह बी चे चारशे नग तयार आहेत असं सांगितलंय, आणि शेवटी 'काइंडली रिव्हर्ट'. वाचणारा म्हणणारच, अच्छा, सप्लायरकडे जुना माल पडलाय म्हणून तो जुन्या रिव्हिजनवर परत या म्हणतोय. तुम्ही उत्तर मागितलं आणि त्यांच्यापर्यंत ड्रॉइंग बदलायची मागणी पोचली.

म्हणून माझं म्हणणं असं की बाकी शब्द सावकाश बदला पण रिव्हर्ट आजच सोडा, निदान जिथे एखाद्या गोष्टीचं 'आधीचं' आणि 'आताचं' अशी दोन रूपं असतात तिथे तरी. ड्रॉइंग, रेट, पेमेंट टर्म्स, पॅकिंग स्पेक, सगळं यात आलं. नवीन रेट पाठवून 'प्लीज रिव्हर्ट ऑन द न्यू रेट' लिहिलं तर समोरच्याला जुन्या रेटवर यायचं असं वाटू शकतं, आणि तो आनंदाने येईल. याची जागा घेणारे शब्द शाळेतलेच आहेत, प्लीज रिप्लाय, नाहीतर प्लीज लेट मी नो, बस.

आता नीडफुल. हा शब्द चुकीचा आहे असं जे सांगतात त्यांच्याशी मी सहमत नाही. तो जुना आहे. इंग्रजांच्याच इंग्रजीतला, अठराव्या शतकापासूनच्या लिखाणात सापडणारा, त्यांच्याकडे विसाव्या शतकात तो मागे पडला आणि आपल्या कचेऱ्यांमध्ये राहिला. आणि राहिला त्याला कारण आहे, आपल्याकडे त्याचा मराठी जुळा भाऊच बसलेला आहे, 'योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती'. तलाठी कार्यालयात अर्ज दिला आणि खाली हे वाक्य लिहिलं तर कुणाचं काही अडत नाही, कारण कार्यवाही काय ते आधीच ठरलेलं असतं, अर्जाचा प्रकार बघितला की टेबलावरच्या माणसाला पुढची पायरी कळते. तुमच्या मेलमधलं 'द सेम' म्हणजे 'सदर'च की, आणि आपल्याकडे काइंडली रिव्हर्ट जिथे लिहितात तिथे जुन्या पत्रांत 'उलट टपाली कळवावे' असायचं. म्हणजे आपण हे इंग्रजी तोंडपाठ करतो तेव्हा खरं तर सरकारी मराठीच लिहीत असतो, फक्त शब्द इंग्रजी.

अडचण होते ती पायरी ठरलेली नसते तेव्हा. तुमच्या केसमध्येच बघा, चारशे नगांचं किमान तीन प्रकारे काहीतरी करता आलं असतं. कस्टमर म्हणू शकतो आहेत तसे पाठवा, किंवा दुरुस्त करून पाठवा, किंवा राहू द्या, नवीनच बनवा. तिन्हीचा खर्च वेगळा, तारीख वेगळी, आणि जर्मनीत परवानगी देणारा माणूसही बहुतेक वेगळा, कारण जुन्या रिव्हिजनचा माल घ्यायचा तर क्वालिटीकडून लेखी डेव्हिएशन अप्रूव्हल लागतं, खरेदीवाल्याला ते एकट्याला देता येत नाही. नीडफुल या एका शब्दात तुम्ही हे सगळं ठरवायचं काम त्यांच्यावर टाकलं, आणि ठरवायला लागणारी माहितीही दिली नाही. मग तीन दिवस तो मेल तसाच पडून राहिला यात नवल नाही.

याहून वाईटही होतं. मी भोसरीला एका कंपनीत एक्स्पोर्ट डेस्कला असताना एका परदेशी गिऱ्हाइकाचं पेमेंट अडकलं होतं, मी लिहिलं 'प्लीज डू द नीडफुल', दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'डन'. मी निर्धास्त झाले, साहेबांना सांगून मोकळी झाले की पैसे सुटले. पंधरा दिवस गेले, बँकेत काही नाही. शेवटी फोन केला तेव्हा कळलं की गिऱ्हाइकाकडच्या बाईंनी माझा मेल अकाउंट्सला फॉरवर्ड केला होता, त्यांच्या मते नीडफुल तेवढंच होतं, आणि अकाउंट्समध्ये इन्व्हॉइसवर पीओ नंबर नाही म्हणून बिल बाजूला ठेवलेलं होतं. त्या खोटं बोलल्या नव्हत्या, मी मागितलं ते त्यांनी केलं होतं. मला मागायचं होतं ते असं की हे इन्व्हॉइस का थांबलंय ते अकाउंट्सकडून विचारून सांगा. एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर पंधरा दिवस वाचले असते. तेव्हापासून 'काय करायचंय' हे लिहिल्याशिवाय मी मेल सोडत नाही.

तर तुमचा मेल आपण नव्याने लिहू. ड्रॉइंगमध्ये काय बदललंय ते तुम्ही लिहिलेलं नाही, मी धरून चालते की भोकाचा व्यास 8.2 मिमी होता तो 8.5 झाला. इंग्रजी बाजूला ठेवा आणि आधी मराठीत स्वतःला विचारा की मला कस्टमरच्या तोंडून कुठलं वाक्य ऐकायचंय? 'चालेल, पाठवा' किंवा 'नाही, 8.5 करून पाठवा', या दोनपैकी एक. मग मेलमध्ये प्रश्नही तोच हवा. दुसरं, हे उत्तर द्यायला त्यांना काय माहीत असायला लागेल? किती नग, आत्ता माप काय, दुरुस्त करता येतं का आणि त्याला वेळ किती. भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही, त्यामुळे तुमच्याकडे रीवर्कचा पर्याय खरोखर आहे, पण पार्ट झिंक प्लेटिंग झालेले असतील तर ड्रिल फिरवल्यावर भोकाच्या आत उघडा पत्रा राहतो आणि तो गंजतो, म्हणजे परत प्लेटिंगला पाठवायचं, म्हणजे दिवस वाढणार. हे कस्टमरला आधीच सांगितलं तर तो एका मेलमध्ये निर्णय घेतो, नाही सांगितलं तर 'रीवर्क करा' म्हणून सांगेल आणि मग उशिरावरून वेगळी भानगड. तिसरं, कधीपर्यंत, आणि का. एवढं जमवलं की मेल असा होतो:

```
Subject: Bracket Rev C: can we ship 400 pcs with 8.2 mm hole?

We have 400 brackets ready, made to Rev B (hole 8.2 mm).
Rev C, attached, asks for 8.5 mm.

Can we ship these 400 as they are?
If not, we can drill them to 8.5 mm and plate them again.
That will take 6 working days.

Please let me know by Thursday 12 June, 14:00 your time.
Our truck leaves on Friday morning.
```

यात एकही अवघड शब्द नाही बघा, आठवीतल्या मुलाला कळेल. तुमच्या मेलपेक्षा लांब झालाय, हे खरं, आणि साहेब त्यावर बोलतील कदाचित. पण जुना मेल छोटा होता कारण त्यातला अर्धा भाग तीन दिवसांनी दुसऱ्या मेलमध्ये येणार होता. आणि सब्जेक्ट लाइनमध्येच प्रश्न टाकलाय ते मुद्दाम, मोबाइलवर मेल न उघडताही त्यांना दिसतं की आपल्याकडून काहीतरी हवंय.

वेळेचं थोडं सविस्तर सांगते कारण तिथे सगळेच गंडतात. 'ॲट द अर्लिएस्ट' म्हणजे वाचणाऱ्याच्या सोयीने, त्याच्या टेबलावर दहा मेल असतील तर तारीख असलेले नऊ आधी होणार आणि तुमचा शेवटी. ईओडी, म्हणजे एंड ऑफ डे, लिहिलं तर कुणाचा दिवस? जर्मनीची वेळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार, आणि हा बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. त्यांचा संध्याकाळी पाचचा ईओडी म्हणजे जूनमध्ये आपले साडेआठ, तोवर तुमच्या डिस्पॅचला कुणी नसतं. म्हणून वर 14:00 'युअर टाइम' लिहिलं, ते आपले साडेपाच, उत्तर आलं तर संध्याकाळच्या आत पॅकिंगला सांगता येतं. तारीखही 12/06 अशी नका लिहू, जर्मनीत चालून जाईल पण उद्या अमेरिकेचा कस्टमर आला तर तो 6 डिसेंबर वाचेल. महिन्याचं नाव अक्षरात लिहा आणि सोबत वार, म्हणजे एक चुकलं तर दुसऱ्यावरून लक्षात येतं.

आता तुमचा उद्धटपणाचा प्रश्न. तो मला खरा वाटतो, कारण मराठीत आपण आदर क्रियापदात घालतो, 'कर', 'करा', 'करावे', 'करावे ही विनंती', आणि साहेबांना 'गुरुवारपर्यंत कळवा' असं कागदावर लिहायला हात धजत नाही. इंग्रजीत क्रियापद तसं वाकत नाही म्हणून आपण ती कसर काइंडलीने भरून काढतो, एका मेलमध्ये तीन तीन वेळा. पण परदेशी कानाला काइंडली जास्त नम्र वाटत नाही. तिकडे तो शब्द बऱ्याचदा सूचनेच्या पाटीवर येतो, इथे गाडी लावू नये या थाटात, त्यामुळे थोडा चिडका वाटतो, आणि फसवणुकीच्या मेलमध्येही तो इतका वापरला गेलाय की काही लोक तो दिसला की सावध होतात. इंग्रजीत नम्रता प्रश्नातून येते. 'प्लीज सेंड' हे कामाच्या मेलमध्ये पुरेसं सभ्य आहे, वरिष्ठाला लिहिताना किंवा जरा मोठी गोष्ट मागताना 'कुड यू प्लीज' लावा आणि शेवटी प्रश्नचिन्ह द्या:

```
Could you please send the signed deviation form by Thursday?
```

एका मागणीला एक प्लीज. आणि मुदतीचा उद्धटपणा जातो तो कारण दिल्याने, 'गुरुवारपर्यंत' एवढंच लिहिलं तर हुकूम वाटतो, 'शुक्रवारी सकाळी ट्रक निघतो' जोडलं की वाचणारा स्वतःच म्हणतो, हो रे, गुरुवारीच कळवायला पाहिजे. तुम्ही ज्याला उद्धटपणा समजून टाळताय ती त्याला मदत वाटते.

बाकीचं पटकन सांगते. ट्रेलिंग मेल हा शब्द आपल्या बाहेर फारसा कुणाला कळत नाही, 'द ईमेल बिलो' लिहा. पीएफए, म्हणजे प्लीज फाइंड अटॅच्ड, हे तर कोडंच आहे, ड्रॉइंगचा उल्लेख जिथे येतो तिथेच 'अटॅच्ड' लिहा, वर केलंय तसं. 'वुई आर हॅविंग' नको, 'वुई हॅव'. नग सांगताना 'नॉस' ऐवजी पीसीएस किंवा पीसेस. आणि 'आय हॅव अ डाउट' हेही तुमच्याकडून जात असणार, आपल्याला म्हणायचं असतं शंका आहे, पण तिकडे डाउट म्हणजे अविश्वास, 'आय हॅव अ डाउट अबाउट युअर ड्रॉइंग' वाचून इंजिनियर दुखावला जाऊ शकतो. 'आय हॅव अ क्वेश्चन' लिहा. डिअर सर पण सोडा, समोर बाई असल्या तर? पहिल्या मेलला आडनाव घ्या, मग त्यांनी खाली सही कशी केलीय ते बघा, फक्त पहिलं नाव लिहिलं असेल तर पुढच्या मेलपासून तुम्हीही तेच वापरा, मोठ्या माणसाला नावाने हाक मारतोय असं वाटून घेऊ नका, त्यांनीच तशी सही केलीय.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते, हे जुने शब्द काढून त्या जागी नवे तसलेच आणू नका. सर्कल बॅक, टच बेस, रीच आउट, ॲक्शनेबल, हे ऐकायला आधुनिक वाटतात आणि तरुण मॅनेजर मंडळींच्या तोंडी असतात, पण 'लेट्स सर्कल बॅक ऑन धिस' यात कोण काय कधी करणार हे नीडफुलइतकंच गायब आहे. कपडे बदलले, माणूस तोच. प्लीज ॲडव्हाइजचंही तसंच, तेवढं एकटं लिहिलं तर कशाबद्दल सल्ला हवाय ते समोरच्याने शोधायचं.

आणि सगळीकडे बदलायचीही गरज नाही. तुमचा न्हावाशेवाचा कस्टम्स एजंट 'इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट अटॅच्ड, प्लीज डू द नीडफुल' वाचून शिपिंग बिल फाइल करायला घेतो, दोघांनाही पायरी माहीत आहे, चालतंय ते चालू दे. पण ज्या दिवशी नेहमीपेक्षा वेगळं काही असेल, मालाचं वर्णन बदललं किंवा कंटेनर बदलला, त्या दिवशी त्यालाही स्पष्ट लिहा, कारण सवयीने तो मागच्या वेळचंच नीडफुल करणार. सरकारी ऑफिसच्या पत्रात तर त्यांची ठरलेली भाषा ठेवा, तिथे वेगळं लिहून काही मिळत नाही. साहेबांचे मेल सुधारायला जाऊ नका, त्यांनी ड्राफ्ट बघायला मागितला तर वरचा मेल दाखवा आणि एवढंच सांगा की कस्टमरने 'काय करायचंय' विचारलं होतं म्हणून या वेळी तेच लिहिलंय.

आपण किती वेळा आणि कुठे हे लिहितो हे बघायचं असेल तर पाठवलेल्या मेलमध्ये शोधा. जीमेलच्या सर्चमध्ये हे टाका, मग दुसऱ्या वेळी नीडफुलच्या जागी रिव्हर्ट टाकून बघा:

```
in:sent needful
```

आउटलुक असेल तर सेंट आयटम्स फोल्डर उघडून वरच्या सर्चमध्ये नुसता शब्द टाका. जे मेल निघतील त्यांच्याखाली समोरच्याचं पहिलं उत्तर काय आलं ते वाचा. काम झाल्याचं उत्तर असेल तर तो मेल ठीक होता, पुढे जा. उत्तरात उलटा प्रश्न आला असेल, किंवा नुसतंच 'नोटेड', किंवा चार दिवस काहीच नाही, तर तो मेल बाजूला काढा आणि वरच्या तीन प्रश्नांवर घासून बघा, काय करायचंय, ठरवायला काय माहिती लागेल, कधीपर्यंत आणि का. पाच-सहा मेल असे केले की तुमच्याकडून नेहमी काय सुटतं ते दिसेल, माझ्याकडून कायम कारण सुटायचं. सिग्नेचरमध्ये आणि जतन केलेल्या टेम्प्लेटमध्येही बघा, बऱ्याच जणांचं काइंडली रिव्हर्ट तिथे आपोआप चिकटलेलं असतं.

कस्टमरला आज उत्तर पाठवताना त्यांच्या मेललाच रिप्लाय करा, फक्त सब्जेक्ट बदला आणि सगळ्यात वर ही ओळ टाका, म्हणजे रेव्ह बी ची शंका तिथेच मिटेल:

```
Sorry for the confusion. Rev C stays. We do not want to go back to Rev B.
```

मग खाली चारशे नगांचा प्रश्न, वर लिहिलाय तसा, तुमच्या खऱ्या मापांसह आणि तारखेसह. बुधवारपर्यंत काही आलं नाही तर जेंटल रिमाइंडर नको, फक्त 'ट्रक शुक्रवारी निघतोय, हे चारशे नग त्यात भरायचे का' एवढं दोन ओळींत विचारा.